"उद्या 'पाहुणे' येतायत": साध्या दिसणाऱ्या वाक्यातला डंख कसा ओळखायचा

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की मुंबईतल्या बिल्डिंगच्या, ऑफिसच्या, जुन्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ठराविक सुराचे मेसेज यायला लागतात. खालचा मेसेज मी नमुन्यासाठी लिहिलाय, कुणा एकाचा उचललेला नाही, पण मुंबईत राहणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

"उद्या दादर टाळा मंडळी. 'पाहुणे' येतायत 💙 परवा पालिका सगळं धुऊन काढेल, मग जाऊ निवांत खरेदीला 🙏"

आता बघा, यात शिवी नाहीये, जातीचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव नाही. कालच बंगलोरहून इथे शिफ्ट झालेल्या माणसानं हे वाचलं तर तो म्हणेल बरं झालं सांगितलं, उद्या दादरला उतरायला नको. पण तारीख ५ डिसेंबर आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून त्या जागी, म्हणजे आजच्या चैत्यभूमीवर, दरवर्षी महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही लाखो लोक येतात, रात्रभर रांगेत उभे राहतात, शिवाजी पार्कात मुक्काम करतात, पुस्तकं विकत घेऊन परत जातात. हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहितीये, म्हणून मेसेजमध्ये ते लिहावंच लागत नाही, 'पाहुणे' एवढं पुरतं.

ह्याला इंग्रजीत डॉग व्हिसल म्हणतात. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे तशी शिट्टी वाजवली की कुत्रा कान टवकारतो आणि शेजारच्या माणसाला पत्ताच लागत नाही. एकच वाक्य, ऐकणारे दोन प्रकारचे, आणि प्रत्येकाच्या हाती वेगळा अर्थ. पण माझ्या मते इथे ऐकणारा तिसराही असतो आणि सगळ्यात नीट त्यालाच ऐकू येतं. तो म्हणजे ज्याच्याबद्दल बोललंय तो, त्याच ग्रुपमध्ये बसलेला, ज्याची आई दरवर्षी पांढरी साडी नेसून चैत्यभूमीला जाते. त्याला मेसेज कळतो आणि हेही कळतं की आपण बोललो तर "अरे मी तर ट्रॅफिकचं सांगत होतो, तू कुठे घेऊन चाललास" असं उत्तर तयार आहे. बोलणाऱ्यानं पळवाट आधीच बांधून ठेवलेली असते आणि उघड शिवीपेक्षा हे जास्त त्रासदायक होतं ते त्यामुळेच, कारण शिवी दिली तर निदान दहा जण म्हणतात की चुकलं, इथे मात्र ज्याला लागलं त्यालाच सिद्ध करत बसावं लागतं की लागलं.

मग ओळखायचं कसं? मी पहिली गोष्ट ही करते की वाक्यातली माहिती आणि वाक्यातला रंग वेगळा काढून बघते. ट्रॅफिकची खरी सूचना कशी असते आठवा, कुठला रस्ता किती वाजल्यापासून बंद, गाडी कुठून वळवायची, कुठल्या स्टेशनला उतरलेलं बरं, बस कुठे थांबणार. वरच्या मेसेजमध्ये यातलं एकही नाही. रस्त्याचं नाव नाही, वेळ नाही, पर्याय नाही. माहिती म्हणून त्यात फक्त "दादर टाळा" आहे, तीन सेकंदांची, आणि बाकीची सगळी जागा दुसऱ्याच कामाला वापरलीये. ती काय काम करते ते एकेक शब्द घेऊन बघू.

'पाहुणे', आणि तेही अवतरण चिन्हात. मराठीत पाहुणा चांगलाच शब्द आहे, पण इथे तो चिन्हात घातला की अर्थ उलटतो, म्हणजे हे इथले नाहीत, एक दिवस येतात, शहर आमचं आहे. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच विचार करा, येणाऱ्यातले कितीतरी जण वरळी, घाटकोपर, चेंबूर, कल्याणचेच असतात, त्यांचे आजोबा गिरणीत होते, त्यांना पाहुणे कोण ठरवतं? पुढे निळं बदाम. निळा रंग आंबेडकरी चळवळीचा, जो माणूस मनापासून जय भीम म्हणतो तोही हेच बदाम टाकतो, पण इथे ते कुणाबद्दल बोलतोय त्याचा पत्ता सांगायला टाकलंय, जातीचं नाव लिहायचं टाळून. आणि मग "धुऊन काढेल". कुठल्याही मोठ्या गर्दीनंतर कचरा उरतो आणि पालिका तो उचलतेच, पण उचलणं वेगळं, धुऊन काढणं वेगळं. पाणवठा बाटला, देऊळ बाटलं, मग ते धुतलं, शुद्ध केलं, हा आपल्याकडचा फार जुना उद्योग आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक प्यायले तेव्हा नंतर तळ्याचं शुद्धीकरण केलं होतं, घागरी ओतून. लिहिणाऱ्याच्या डोक्यात महाड असेलच असं मी म्हणत नाही, बहुतेक नसेलच, पण ते शब्द त्याच्या जिभेवर कुठून आले ते महाडच्या इतिहासात दिसतं, आणि वाचणाऱ्याला, ज्याच्या घरी महाडची गोष्ट लहानपणापासून सांगितली जाते, त्याला ते बरोबर तिथेच जाऊन लागतं.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. तोच मेसेज, फक्त तारीख बदलायची. अनंत चतुर्दशीला लालबाग, गिरगावात केवढी गर्दी होते, रस्ते बंद, लोकल खच्चून भरलेल्या, दुसऱ्या दिवशी चौपाटीवर कचऱ्याचे ढीग, मूर्तींचे तुकडे, आणि कितीतरी स्वयंसेवक सकाळी साफसफाईला जातात. त्या दिवशी हाच माणूस काय लिहितो? "भक्तांचा महासागर 🙏 बाप्पा निघाले". जानेवारीत मॅरेथॉनला अर्धी दक्षिण मुंबई सकाळभर अडकते तेव्हा काय लिहितो? "स्पिरिट ऑफ मुंबई". माझं म्हणणं असं नाही की गणपतीच्या गर्दीला नावं ठेवा, मी स्वतः विसर्जन बघायला जाते. म्हणणं इतकंच की गर्दीचा वैताग खरा असेल तर तो सगळ्या गर्दीला सारखा यायला हवा. जो माणूस चतुर्दशीलाही तणतणतो आणि मॅरेथॉनलाही, आणि ६ डिसेंबरलाही तणतणतो, तो गर्दीला वैतागलेला माणूस आहे, त्याला सोडून द्या. ज्याला फक्त एकाच गर्दीचा वास येतो त्याचं प्रकरण वेगळं.

तिसरी गोष्ट, मेसेज एकटा वाचायचा नाही, खाली काय आलं ते बघायचं. हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण मूळ बोलणारा सावध असतो पण साथ देणारे सावध नसतात. कुणीतरी विचारतं "रिझर्व्हेशन करून येतात की विदाऊट? 😂", त्यावर दुसरा लिहितो "त्यांना रिझर्व्हेशन जन्मापासूनच असतं". बघा, ट्रॅफिकवरून गाडी तीन मेसेजमध्ये आरक्षणावर आली. दादरच्या रस्त्याचा आणि आरक्षणाचा काय संबंध? वाक्य खरंच ट्रॅफिकचं असतं तर खाली कुणीतरी विचारलं असतं की माटुंग्याला उतरून चालत गेलं तर चालेल का, प्लाझाकडचा रस्ता चालू आहे का. तसं कुणीच विचारलं नाही, कारण वाचणाऱ्यांनी ते ट्रॅफिकचं म्हणून घेतलंच नव्हतं. आणि पहिल्या माणसानं त्या दोघांना थांबवलं का हेही बघायचं. "अरे विषय भलतीकडे नेऊ नका" असं तो म्हणाला तर त्याला संशयाचा फायदा द्यायला मी तयार आहे. त्यानं हसण्याचा इमोजी टाकला तर नाही.

आणि मग एक साधा प्रश्न विचारायचा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं अशाच ग्रुपवर, कुणावर आरोप न करता, विचारलं, "काका, पाहुणे म्हणजे कोण येणारेत?" बस एवढंच. असा प्रश्न आला की दोनच गोष्टी होतात. मनात काही नसेल तर माणूस सरळ सांगतो, "अगं उद्या महापरिनिर्वाण दिन ना, चैत्यभूमीला लोक येतात, म्हणून म्हटलं". मनात असेल तर तो सरळ सांगू शकत नाही, कारण सरळ सांगितलं की 'पाहुणे', 💙 आणि 'धुऊन काढेल' हे तिन्ही एका ओळीत उघडे दिसतात. मग उत्तर येतं "तुला माहितीये गं कोण ते", किंवा "आजकाल जोकसुद्धा करता येत नाही". त्या काकांचं उत्तर दुसऱ्या प्रकारचं आलं. प्रश्न विचारताना आवाज चढवायचा नाही हे मात्र महत्त्वाचं, कारण चढवला की चर्चा तुमच्या आवाजावर जाते आणि पाहुणे बाजूला राहतात.

दादर हे एक उदाहरण झालं, पण हीच तपासणी जिथे सगळ्यात जास्त लागते ती जागा म्हणजे शिक्षण आणि नोकरी. पूर्वी लोक 'सरकारी जावई' म्हणायचे, अजूनही म्हणतात, पण तो शब्द आता इतका उघडा पडलाय की त्यात लपण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून नवे आले. कुठे पूल कोसळला की "इंजिनियर कुठल्या कोट्यातला होता ते बघा", कुणाच्या मुलीला एमबीबीएसला अ‍ॅडमिशन मिळाली की अभिनंदनाच्या रांगेत मध्येच एक "छान! मेरिटवर का?". इथे अदलाबदल करून बघा. खासगी मेडिकल कॉलेजांत एनआरआय कोटा असतो, मॅनेजमेंटच्या जागा असतात, भरपूर फी देऊन कमी स्कोअरवर तिथे जाता येतं. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या वर्गालाही दहा टक्के आहे. 'कोट्यातला डॉक्टर' म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर यातला कुणी असतो का? नसतो. शब्द 'कोटा' आहे पण बोट एकाच दिशेला आहे. शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांना खरंच माहिती नसते, सवलत प्रवेशाच्या वेळी असते, पुढे एमबीबीएसची परीक्षा पास व्हायला लागणारे मार्क सगळ्यांना सारखेच असतात. हे सांगितल्यावर ज्याचा गैरसमज होता तो "अच्छा, हे नव्हतं माहिती" म्हणतो, आणि ज्याला कोट्याशी देणंघेणंच नव्हतं तो लगेच दुसरा मुद्दा काढतो, मग तिसरा, बोट मात्र तिथेच.

पवईच्या आयआयटीचं उदाहरण तर लिहून ठेवण्यासारखं आहे. "जेईईत रँक किती होती?" यापेक्षा निरुपद्रवी प्रश्न कुठला असेल, हॉस्टेलला पहिल्या दिवशी दुसरं विचारणार तरी काय. पण कुठल्या ब्रँचला कुठल्या प्रवर्गाची यादी कितीवर बंद झाली हे दरवर्षी जाहीर होतं. आयआयटी बॉम्बेच्या कॉम्प्युटर सायन्सला ओपनमधून जायचं तर पहिल्या शंभराच्या आत असावं लागतं. म्हणजे मुलाची ब्रँच माहिती असताना रँक विचारली की त्याचा प्रवर्ग आपोआप हातात पडतो, आडनाव कळलं नसलं तरी. जुलै २०२३ मध्ये आयआयटी बॉम्बेनं विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या त्यात हे स्पष्ट लिहिलं, की दुसऱ्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँक किंवा गेटचा स्कोअर किंवा जात उघड होईल असं काही विचारणं योग्य नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की संस्थेनं शब्दावर बंदी नाही घातली, 'रँक' शब्दात काय वाईट आहे, तो प्रश्न तिथे कशाला विचारला जातो ते ओळखलं.

नाहीतर शब्दाच्या मागे लागलं की काय होतं ते म्यानमारमध्ये दिसलं. तिथे 'कलार' हा शब्द मुसलमानांसाठी आणि भारतीय वंशाच्या लोकांसाठी शिवीसारखा वापरतात, २०१७ मध्ये फेसबुकनं तो शब्द असलेल्या पोस्ट काढायला सुरुवात केली. पण बर्मीत एका डाळीला 'कलार पे' म्हणतात आणि खुर्चीच्या शब्दातही कलार आहे, त्यामुळे डाळीबद्दल, खुर्चीबद्दल लिहिणाऱ्यांच्या पोस्ट उडायला लागल्या, द्वेषाची तक्रार करणाऱ्यांच्याही उडाल्या, कारण तक्रार करताना तो शब्द लिहावाच लागतो. आणि ज्याला खरंच द्वेष पसरवायचाय त्याला दुसरा शब्द शोधायला किती वेळ लागतो? अमेरिकेत २०१६ च्या सुमारास ज्यूद्वेष्टे लोक ज्यू माणसाच्या नावाभोवती तिहेरी कंस टाकायचे, (((नाव))) असे, बाकीच्यांना टायपिंगची चूक वाटायची आणि त्या टोळीला कळायचं की हा ज्यू, याच्या मागे लागा. बातम्यांत ते उघड झालं तेव्हा कितीतरी ज्यू लोकांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःच्या नावाला स्वतःच कंस लावून टाकले, आणि ती खूण टोळीच्या कामाची राहिली नाही. म्हणून 'हे वीस शब्द दिसले की सावध' अशी यादी मी मुद्दाम देत नाहीये, यादी सहा महिन्यांत शिळी होते आणि तोवर तिच्या जोरावर चार निर्दोष लोकांना धरलं जातं.

निर्दोष लोक असतात हो, आणि त्यांची काळजी मला तितकीच वाटते. आरक्षणाचं धोरण चुकीचं आहे असं कुणी सरळ, स्वतःच्या नावानं, आकडे आणि कारणं देऊन मांडलं तर ते डॉग व्हिसल नव्हे, ते मत आहे, मला पटत नाही पण त्याच्याशी वाद घालता येतो कारण तो जे म्हणतो ते त्याच्या वाक्यातच आहे. लपवलेल्या टोमण्याशी वाद घालता येत नाही, कारण हात लावला की तो म्हणतो मी इथे नव्हतोच. तसंच कुणी ऐकीव शब्द न कळता पुढे ढकलतो, विशेषतः म्हातारी माणसं फॉरवर्ड करतात, त्यांना 💙 चा अर्थही माहिती नसतो. आणि 'पाहुणे' लिहिणारा स्वतः चैत्यभूमीला पाणी वाटायला जाणारा असेल तर 'उद्या पाहुणे येतायत, चला तयारीला लागू' याचा अर्थ पूर्ण वेगळा, तिथे त्याच शब्दात मायाच आहे. म्हणून एका वाक्यावर निकाल द्यायचा नाही. तोच माणूस वर्षभर काय बोलतो, भाडेकरूचं नुसतं नाव सांगितल्यावर "पूर्ण नाव काय, आडनाव?" असं विचारतो का, १४ एप्रिलला डीजेची तक्रार करतो आणि नवरात्रात करत नाही का, असे दोन-चार प्रसंग एका रेषेत आले की मग मला शंका राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण लोक विचारतात. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम ३(१)(आर) आणि (एस) आहे, सार्वजनिक नजरेसमोर अपमान करण्याच्या हेतूनं हिणवणं आणि जातीच्या नावानं शिवीगाळ करणं. संकेतात बोलणारा जातीचं नाव टाळतो, त्यामुळे (एस) बहुतेक वेळा लागत नाही, आणि (आर) मध्ये हेतू दाखवावा लागतो, जो एका वाक्यात दिसत नाही. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत (व्ही) आलं, अनुसूचित जाती-जमातींना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दानं किंवा इतर मार्गानं अनादर करणं, पण वरच्या मेसेजसारख्या ठिकाणी तेही सहज बसत नाही. म्हणजे बहुतेक टोमणे गुन्ह्याच्या अलीकडेच थांबवलेले असतात, बोलणाऱ्याला रेषा कुठे आहे ते चांगलं माहिती असतं.

तरीही पुढे सोसायटीच्या कमिटीकडे, कॉलेजच्या सेलकडे किंवा वकिलाकडे जायची वेळ आलीच तर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्धवट स्क्रीनशॉटमुळे. फक्त तेवढा एक मेसेज कापून नेला तर समोरचा वाचतो, "यात काय आहे, ट्रॅफिकचं तर लिहिलंय", आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तेवढंच दिसतं. म्हणून स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि वेळ दिसू द्या, वरचे आणि खालचे मेसेज घ्या, विशेषतः ते रिझर्व्हेशनवाले दोन, तुम्ही विचारलेला प्रश्न आणि त्याचं आलेलं उत्तर घ्या, आणि शक्य असेल तर त्याच माणसाचा अनंत चतुर्दशीचा मेसेज शोधून त्याच्या शेजारी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुपचं चॅट सहसा एक्स्पोर्ट करता येतं, ते करून फाईल स्वतःला मेल करून ठेवा, कारण मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन झाला की मागे फक्त तो डिलीट झाल्याची एक ओळ उरते आणि त्यात काय होतं ते मग प्रत्येक जण आपापल्या सोयीनं आठवतो.